तासाभराचा ताण आणि वर्षभराचा ताण

मुलाखतीला आत बोलावलं की काही सेकंदांत अॅड्रेनालिन हे ताणाचं संप्रेरक उसळतं. कॉर्टिसॉल हे ताणाचं दुसरं संप्रेरक मागून येतं: साधारण 20-30 मिनिटांनी ते शिखरावर असतं आणि मुलाखत आटोपल्यावर तासा-दीड तासात ओसरतं. तेवढ्या वेळात प्रतिकारपेशी इजा होण्याची शक्यता असलेल्या जागांकडे, म्हणजे त्वचेकडे वगैरे, सरकतात. हा ताण उलट कामाचाच.

घरातल्या आजारी माणसाची वर्षानुवर्षं देखभाल करताना मात्र 'आटोपलं' असं कधी होतच नाही. कॉर्टिसॉल एरवी सकाळी सर्वात जास्त आणि मध्यरात्रीच्या सुमारास सर्वात कमी असतं. इथे हा चढउतार सपाट होऊ शकतो. रात्री ते पुरेसं उतरलं नाही की झोप उथळ होते, मधूनच मोडते. आणि अपुऱ्या झोपेमुळे दुसऱ्या दिवशी संध्याकाळचं कॉर्टिसॉल पुन्हा चढं राहतं. म्हणूनच फक्त सकाळी एकदा रक्त तपासून यातलं फारसं काही कळत नाही.

खरी मेख पुढेच आहे. कॉर्टिसॉलचं एक काम दाह, म्हणजे प्रतिकारपेशींमुळे येणारी सूज आणि लाली, आवरायचं. पण सतत तोच निरोप मिळाला की प्रतिकारपेशी त्याला दाद देईनाशा होतात. मग दाह रेंगाळतो, आणि गरजेचं दुरुस्तीचं कामही नीट होत नाही.

1995 साली अमेरिकेत संशोधकांनी स्मृतिभ्रंश झालेल्या नातेवाइकांना सांभाळणाऱ्या 13 स्त्रियांच्या हातावर 3.5 मिलिमीटरची छोटी जखम करून पाहिली. त्याच वयाच्या इतर स्त्रियांपेक्षा त्यांची जखम भरायला सरासरी 9 दिवस जास्त लागले. गट लहान होता, हे खरं.