जाळीवाल्याने रबर ढिलं बसवलं आणि वर फेव्हिक्विक ओतलं

सिंहगड रोडला कालव्याच्या जवळ राहतो, त्यामुळे पावसाळ्यात संध्याकाळी पाचनंतर खिडकी उघडायची सोय नाही. जुलैमध्ये सोसायटीत स्कूटरवर भोंगा लावून एक जाळीवाला आला. ॲल्युमिनियमची फ्रेम, फायबरची जाळी, एकशे तीस रुपये स्क्वेअर फूट. दोन खिडक्यांचं काम दिलं. निम्मे पैसे आधी घेतले, बिल दिलं नाही. तेव्हाच कान टवकारायला हवे होते, पण डासांनी जीव नकोसा केला होता.

पहिला फटका मापात बसला. खिडकीची आतली चौकट साडेपंचेचाळीस बाय सेहेचाळीस इंच, म्हणजे साडेचौदा स्क्वेअर फूट. त्याने धरले चार बाय चार, सोळा. दोन खिडक्यांमागे साधारण तीनशे ऐंशी रुपये जास्त गेले. माप वरच्या फुटाला नेण्याची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे, त्यामुळे याला मी चोरी म्हणणार नाही. आधी विचारलं नाही ही चूक माझी.

खरी फसवणूक रबरात होती. या फ्रेमच्या चॅनलला आतल्या बाजूने एक खाच असते. जाळी त्या खाचेवर पसरतात आणि वरून गोल रबरी दोरी, म्हणजे स्प्लाईन, दाबून बसवतात. जाळीला धरून ठेवणारं एवढंच असतं, स्क्रू नाही की गोंद नाही. म्हणून दोरीची जाडी खाचेला बरोबर हवी. ती घट्ट असेल तर अंगठ्याने आत जातच नाही, त्यासाठी दोन चाकांचा छोटा रोलर लागतो. आमच्या या गृहस्थाकडे रोलर नव्हता. तो अंगठ्याने भराभर दाबत गेला, कोपऱ्यात स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवलं, आणि मग खाचेवरून फेव्हिक्विकची धार सोडली. मी विचारलं, "भाऊ, हे कशाला?" तर म्हणाला, "ताई, डबल पॅकिंग. दहा वर्षं बघायला नको." मला तर ते जास्तीचं काम वाटलं, चहासुद्धा दिला मी!

दुसरं, जाळी त्याने हाताने खच्चून ताणली. दिसायला मस्त, ढोलासारखी. पण चॅनलचा पत्रा पातळ, आणि ताणामुळे उभ्या पट्ट्या मधोमध आत ओढल्या गेल्या. कोपऱ्यांपाशी फ्रेम चौकटीत नीट बसत होती, मध्यभागी मात्र दोन्ही बाजूंना करंगळीचं टोक जाईल एवढी फट. ती त्याने पांढऱ्या सिलिकॉनने भरून टाकली. खाली क्लिपा होत्याच, त्या फिरवून फ्रेम काढायची आणि जाळी धुवायची, असा हिशोब. सिलिकॉनमुळे फ्रेम निघेचना.

ऑगस्ट संपता संपता स्वयंपाकघरातल्या खिडकीचा वरचा कोपरा सुटला. चिमटीत धरून ओढलं तर हातभर रबर एका झटक्यात बाहेर आलं, त्यावर गोंदाचा पांढरा चुरा. फोन केला, पहिल्यांदा "उद्या येतो", नंतर उचललाच नाही.

शेवटी खिडक्यांची कामं करणाऱ्या एका दुकानात फ्रेम घेऊन गेले. (ब्लेडने सिलिकॉन कापायला ह्यांना अख्खा रविवार लागला.) तिथल्या काकांनी वेगवेगळ्या जाडीच्या दोऱ्यांचे तुकडे खाचेत लावून बघितले. आमची दोरी खाचेत नुसती पडत होती. तिच्यापेक्षा एक नंबर जाड दोरी रोलरने कचकन बसली, आणि काढायला टोकदार हत्यार लागलं. जाळी त्यांनी ताणली नाही, सपाट अंथरली फक्त. "रबर खाचेत जाताना जाळी आपोआप ताठ होते, आपण ओढायची नाही," असं म्हणाले. समोरासमोरच्या पट्ट्या वाकू नयेत म्हणून मधे एक आडवी पट्टीही टाकली.

मग जुन्या जाळीचा एक धागा दुकानाबाहेर काडेपेटीने पेटवून दाखवला. तो वितळून त्याचा काळा मणी झाला, म्हणजे साधं प्लास्टिक. त्यांच्याकडच्या फायबरच्या जाळीचा धागा पेटवला तेव्हा वरचा लेप जळाला, आतली काच पांढरी तशीच राहिली. फायबरचे पैसे मी प्लास्टिकला दिले होते.

नवी जाळी, रबर आणि आडवी पट्टी, दोन्ही फ्रेमचे मिळून साडेसोळाशे गेले. चॅनल जुनाच ठेवला, तो फेकण्याइतका वाईट नव्हता.

परवा पुन्हा भोंगा ऐकू आला. जुन्या दोरीचा तुकडा पर्समध्ये ठेवलेलाच होता, तो घेऊन तरातरा खाली गेले. माणूस दुसराच निघाला. तरी त्याला म्हटलं, आधी तुमचा रोलर दाखवा. त्याने डिकीतून काढून दाखवला.