सेलर खाते बंद झाल्यावर कोणते पत्र पाठवावे: पुराव्याचे की सुधारणेचे?

पैशांच्या वादानंतर मार्केटप्लेसने सेलर खाते बंद केले की दोन प्रकारची पत्रे लिहिली जातात. पहिल्यात 'आमची चूक नाही, हा पुरावा' असे म्हटलेले असते. दुसऱ्यात 'असे का झाले ते कळले, हा बदल केला' असे. दोन्हींची सरमिसळ केलेले पत्र सहसा वाया जाते, म्हणून आधी निवड करावी लागते. ही निवड आपण किती खरे आहोत यावर करायची नसते, ग्राहकाने बँकेत कोणते कारण दिले यावर करायची असते.

कुडाळजवळच्या एका बाईंच्या घरगुती उद्योगाचे उदाहरण घेऊ. कोकम आगळाच्या 6 बाटल्या, 190 रुपये एक, अशी 1,140 रुपयांची ऑर्डर इंदूरला गेली. लिस्टिंगचे नाव होते 'कोकम ज्यूस', फोटोत लालभडक ग्लास आणि पुदिन्याचे पान. ग्राहकाने बाटली उघडून थेट पाण्यात घातली आणि तोंड वाकडे केले. आगळ म्हणजे कोकमाच्या सालींना मीठ लावून सुटलेला रस. आपण तो सोलकढीत घालतो, साखर घालून सरबत करतो. ते इंदूरच्या माणसाला कोण सांगणार? त्याने तक्रार केली तेव्हा बाईंनी उत्तर दिले, "आगळ खारटच आसतला. गोड व्हया तर सरबत घेवक व्हया होता." अर्थात हिंदीत, पण सूर हाच.

ग्राहक मग कार्ड देणाऱ्या बँकेकडे गेला. याला चार्जबॅक म्हणतात. बँक हरकतीला कारण लावते, उदाहरणार्थ: माल मिळालाच नाही, व्यवहार मी केलाच नाही, किंवा माल वर्णनाप्रमाणे नाही. इथे तिसरे कारण लागले. मार्केटप्लेसने पुरावा मागितला, बाईंनी कुरिअरची पोच पाठवली. हरकत ग्राहकाच्या बाजूने गेली, 1,140 रुपये पुढच्या पेआउटमधून कापले गेले. त्याच मालाच्या दोन परताव्यांवर 'खूप खारट' असा शेरा आधीच होता. खाते बंद झाले आणि बाकीचे सेटलमेंटही अडकले.

पोच खरी होती, पण तिने सिद्ध काय केले? बाटल्या पोहोचल्या, एवढेच. ते ग्राहक नाकारतच नव्हता.

आता पहिले पत्र. ते असे दिसते: 'ऑर्डर अमुक तारखेला पोहोचली. सोबत डिलिव्हरीची नोंद, इन्व्हॉइस आणि लेबलचा फोटो. लेबलवर घटकांत मीठ छापलेले आहे. माल वर्णनाप्रमाणेच होता. खाते सुरू करावे.' लेबलचा मुद्दा यात सर्वांत जोरदार, पण तिथेच पत्र अडकते. लेबल बाटलीवर होते, लिस्टिंगवर त्याचा फोटो नव्हता. खरेदी करताना ग्राहकाने जे पाहिले त्यात मीठ कुठेच नव्हते. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, 2020 विक्रेत्यावरही जबाबदारी टाकतात की मालाची जाहिरात प्रत्यक्ष मालाच्या गुणांशी जुळली पाहिजे. म्हणजे हे पत्र वाचणाऱ्याच्या हातात विक्रेत्याच्याच विरोधातला कागद येतो.

तेच पत्र दुसऱ्या वादात मात्र चोख असते. ग्राहक म्हणाला 'पार्सल मिळाले नाही' आणि तुमच्याकडे ओटीपी घेऊन दिल्याची नोंद आहे, पिनकोड जुळतो, नंतर त्याच ग्राहकाने 'झाकण घट्ट आहे' असा मेसेजही केला आहे. अशा वेळी सुधारणेचे पत्र लिहिणे म्हणजे न केलेली चूक कबूल करणे. थोडक्यात मांडा, ऑर्डर क्रमांक वर ठेवा, कागद तीन-चारच जोडा आणि प्रत्येक कागद काय दाखवतो ते एका ओळीत लिहा. अठरा स्क्रीनशॉट कोणी उघडत नाही.

आगळाच्या प्रकरणात दुसरे पत्र लागते. बाईंसाठी मी लिहिले असते ते साधारण असे (पाठवताना इंग्रजीत करावे, कारण तपासणारा बहुधा मराठी वाचत नाही):

'ऑर्डर क्रमांक … बाबत ग्राहकाने माल वर्णनाप्रमाणे नसल्याची हरकत घेतली. कारण आमच्या लिस्टिंगमध्ये होते: मीठयुक्त अर्काला आम्ही ज्यूस म्हटले होते आणि घटकांची यादी दाखवली नव्हती. माल खराब नव्हता. त्याच मालाचे आधीचे दोन परतावेही याच कारणाने आले. आम्ही नाव बदलून "कोकम आगळ, मीठयुक्त अर्क, थेट पिण्यासाठी नाही" असे केले आहे. लेबलची मागची बाजू दुसऱ्या फोटोत आहे, वापरण्याचे प्रमाण वर्णनात आहे. गोड अमृत कोकमाची लिस्टिंग वेगळी केली आहे. खारटपणाची तक्रार आल्यास यापुढे परतावा प्लॅटफॉर्मवरूनच, त्याच दिवशी मंजूर करू. नव्या मजकुराची प्रत सोबत आहे.'

यात 'माल खराब नव्हता' हे वाक्य मी मुद्दाम ठेवले आहे. खाद्यपदार्थात 'चूक झाली' असे मोघम लिहिले तर वाचणारा ते सुरक्षिततेची तक्रार समजू शकतो, आणि मग एफएसएसएआय परवान्यापासून तपासणीच्या अहवालापर्यंत सगळे मागितले जाते. कबूल तेवढेच करा जेवढे घडले. खाते बंद असताना लिस्टिंग बदलता येत नसेल तर 'बदल केला आहे' असे लिहू नका. नवा मजकूर तयार करून जोडा आणि 'खाते सुरू होताच लावू' असे लिहा. केला नाही तो बदल केला म्हणून सांगितला, तर एका क्लिकमध्ये उघडे पडते.

दुसऱ्या पत्राची किंमतही सांगायला हवी. त्यात 1,140 रुपयांचा उल्लेख परताव्याच्या मागणीसारखा करायचा नाही. लोकांना हेच जड जाते. पण खाते तपासणारी टीम आणि पेमेंटचे वाद पाहणारी टीम बहुधा वेगवेगळ्या असतात. पैशाची मागणी घुसवली की पत्र तिकडे वळते आणि खात्याचा प्रश्न तसाच राहतो. माझ्या मते आगळाच्या या ऑर्डरमध्ये ते पैसे सोडून द्यावेत. अडकलेले सेटलमेंट हा मात्र वेगळा विषय. त्याची केस वेगळी टाका, ऑर्डरनिहाय रकमा आणि पेआउटचा स्टेटमेंट जोडून.

तिसरा मार्ग काहीजण निवडतात: नवऱ्याच्या किंवा भावाच्या नावाने नवे खाते. बँक खाते, पत्ता, फोन किंवा जीएसटी क्रमांक यांपैकी एक जरी जुळले तरी दोन्ही खाती एकमेकांना जोडली जाऊ शकतात आणि मग दोन्ही बंद पडू शकतात. त्यानंतर वरचे कोणतेही पत्र लिहा, आधी त्या दुसऱ्या खात्याचा खुलासा करावा लागतो.

पत्रानंतर 'माहिती अपुरी आहे' असे साचेबंद उत्तर येऊ शकते. ते नकाराइतके वाईट नसते. तेच पत्र पुन्हा पाठवू नका. सुधारणेच्या पत्रात सहसा एकच गोष्ट राहिलेली असते: कारण लिहिले आहे, बदल लिहिला आहे, पण पुढची तक्रार कोण पाहणार हे नाही. घरगुती उद्योगात ते एका ओळीत लिहिता येते: खरेदीदारांचे मेसेज रोज सकाळी कोण वाचेल, परतावा कोण मंजूर करेल. आंब्याच्या हंगामात घरातले सगळे बागेत असतात तेव्हा हे काम कोणाकडे, तेही लिहा.