अनुवादाआधी वाक्ये सोपी करण्याची पद्धत: आठ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

मिरजेतील एका नेत्ररुग्णालयात मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला द्यावयाची सूचनापत्रके मी तयार करतो. इचलकरंजीच्या यंत्रमागांवर काम करणारे अनेक हिंदीभाषक रुग्ण आमच्याकडे येतात. त्यामुळे मराठी पत्रक यंत्रानुवादाने हिंदीत न्यायचे आणि मग तपासायचे, असा आमचा क्रम आहे. गेले आठ महिने मी मूळ मराठी मजकूर अनुवादाआधीच सोपा करून घेतो.

याला कारण झाले एक वाक्य: "शस्त्रक्रियेनंतर डोळ्यांत तेल घालून काळजी घ्यावी." हिंदीत त्याचा शब्दशः अर्थ उतरला, म्हणजे नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्या डोळ्यात तेल घालण्याची सूचना तयार झाली. पत्रक छापण्याआधी हिंदी मातृभाषा असलेल्या आमच्या परिचारिकेने ते वाचले, म्हणून चूक सापडली. मी स्वतः केलेल्या तपासणीत ती सापडली नव्हती, कारण हिंदी मजकूर पुन्हा मराठीत आणल्यावर "डोळ्यांत तेल घालून" हेच शब्द जसेच्या तसे परत आले आणि मला ते बरोबर वाटले. उलट अनुवादाने वाक्प्रचाराची चूक झाकली जाते, हे तेव्हा लक्षात आले. "दुखणे अंगावर काढू नये" हेही मी आता लिहीत नाही; त्याऐवजी "डोळा जास्त दुखला, लाल झाला किंवा कमी दिसू लागले, तर त्याच दिवशी रुग्णालयात या" असे लिहितो. यात धोक्याची लक्षणेही स्पष्ट होतात, जी मूळ वाक्यात नव्हतीच.

लांब वाक्यांत खरी अडचण सर्वनामांची असते. "पहिल्या औषधाचे थेंब टाकून झाल्यावर पाच मिनिटांनी दुसरे दिवसातून चार वेळा टाकावे आणि ते डॉक्टर सांगेपर्यंत बंद करू नये" या वाक्यात "ते" म्हणजे कोणते औषध? चार वेळा कोणते? आता मजकूर असा आहे: "पहिल्या औषधाचा एक थेंब टाका. पाच मिनिटे थांबा. मग दुसऱ्या औषधाचा एक थेंब टाका. असे दिवसातून चार वेळा करा. डॉक्टर सांगेपर्यंत दोन्ही औषधे बंद करू नका." नाम पुन्हा लिहिल्याने मराठी वाचायला जरा रुक्ष होते, परंतु अर्थाला फाटे फुटत नाहीत.

मात्र शेवटचे वाक्य मी मुद्दाम तोडलेले नाही. सुरुवातीच्या उत्साहात मी "औषधे बंद करू नका. डॉक्टर सांगतील तेव्हा बंद करा" असे दोन तुकडे केले होते, पण रुग्णाने पहिलाच तुकडा लक्षात ठेवला, तर औषध कायमचे चालू राहील. त्यामुळे अट आणि मनाई मी एकाच वाक्यात ठेवतो.

तपासणीची रीतही बदलली. परिचारिका आता रुग्णाच्या नातेवाइकाला पत्रक वाचायला देते आणि "समजले का?" असे न विचारता "घरी गेल्यावर पहिल्यांदा काय कराल?" असे विचारते. उत्तरात थेंबांचा क्रम चुकला, तर ते वाक्य माझ्याकडे परत येते.