नोकरी गेल्यावर तिसऱ्या आठवड्यात आलेलं ऑफर लेटर

अरे, नोकरी गेल्याचा तुझा मेसेज वाचला. "होईल रे सगळं नीट" असं टाईप करून खोडलं, माझी नोकरी गेली तेव्हा असल्या मेसेजला मी नुसता अंगठा पाठवून द्यायचे. त्यापेक्षा खोट्या नोकरीच्या ऑफरला मी कशी फसले ते सांगते, कारण आता तू रेझ्युमे सगळीकडे टाकशील आणि हे फसवणारे लोक तिथेच टपलेले असतात.

तिसऱ्या आठवड्यात फोन आला, एका मोठ्या कंपनीच्या एचआरमधून बोलतोय म्हणे. माझे प्रोजेक्ट, आधीचा पगार, सगळं त्याला पाठ, मला वाटलं केवढा अभ्यास करून आलाय. जॉब साइटवर ते मीच तर टाकलं होतं! इंटरव्ह्यू फक्त चॅटवर, कॅमेरा म्हणे बिघडलाय. दोन दिवसांत ऑफर लेटर, लोगो, जॉइनिंग डेट, पगार आधीपेक्षा बराच जास्त. सही तेवढी धुरकट होती, झूम केल्यावर तिच्याभोवती पांढरा चौकोन दिसायचा, म्हणजे कुठून तरी कापून चिकटवलेली. मी तो चौकोन पाहिला होता रे. पाहून सोडून दिला.

मग बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनचं डिपॉझिट, "रिफंडेबल आहे मॅडम, पहिल्या पगारात परत", आणि आज संध्याकाळपर्यंत भरा नाहीतर जागा दुसऱ्याला. भरलं. मग लॅपटॉपचं डिपॉझिट, तेही भरलं, कारण आता थांबले तर पहिले पैसे गेले असं वाटायला लागतं, तिथेच माणूस अडकतो. तिसऱ्यांदा इन्शुरन्स म्हणाले तेव्हा लक्षात आलं की दर वेळी खातं वेगळं आणि ते कंपनीच्या नव्हे तर कुणातरी माणसाच्या नावावर. कंपनीच्या वेबसाइटवरून नंबर काढून फोन केला तर अशी जागाच निघालेली नाही. मग मेल आयडी नीट बघितला, @ च्या पुढे कंपनीचं नाव होतं पण त्याला डॅश देऊन careers जोडलेलं, असं डोमेन कोणीही विकत घेऊ शकतं.

रागाच्या भरात मी नंबर ब्लॉक करून सगळं चॅट उडवलं, आणि बँकेने पहिल्यांदा तेच मागितलं. पैसे आले नाहीत. महिन्याभराने "तुमचे पैसे सोडवून देतो, थोडी फी लागेल" म्हणणाराही आला, त्याला मात्र मी ओळखलं.

तर तुला येणारी प्रत्येक ऑफर आधी मला फॉरवर्ड कर, रात्री बारा वाजता आली तरी. पैसे भरायचे किंवा ओळखपत्राची कॉपी पाठवायची म्हटलं की आधी मला फोन. आमच्या टीममध्ये एक जागा निघतेय, रेझ्युमे आजच पाठव, माझ्या मॅनेजरला मी स्वतः देते. आणि रविवारी सकाळी येतेय, मॉक इंटरव्ह्यू घेऊ, कॅमेरा चालू ठेवून.