बोनस, राइट्स, बायबॅक: कोणत्या घोषणेला धावायचं?

आठवड्यातून एकदा, रविवारी सकाळी, आपल्याकडच्या कंपन्यांच्या घोषणा बीएसईच्या संकेतस्थळावर चाळायच्या, एवढाच तुमचा नेम असेल तर तो पुरतो का? बोनससाठी पुरतो. बाकी दोन्हींसाठी तारखा वहीत उतरवाव्या लागतात.

बोनसमध्ये कंपनी फुकट शेअर देते, तुम्हाला काहीच करायचं नसतं. 1:1 बोनस म्हणजे शेअर दुप्पट आणि भाव साधारण निम्मा. फक्त नोंदी दुरुस्त करा, कारण भाव निम्मा दिसताच जुना अलर्ट वाजतो आणि घाबरून विक्री होते.

राइट्समध्ये, म्हणजे कंपनी जुन्या भागधारकांना ठरलेल्या भावाला नवे शेअर घ्यायचा हक्क देते तेव्हा, मात्र गप्प बसणं महागात पडतं. गिरगावातल्या माझ्या मामांच्या डीमॅटमध्ये एकदा शेअरच्या नावापुढे ‘-RE’ लागलेली अनोळखी ओळ आली. काहीतरी चूक असेल म्हणून त्यांनी ती सोडून दिली. तो त्यांचा राइट्सचा हक्क होता आणि मुदत संपताच तो शून्य झाला. 2020 पासून हे हक्क डीमॅटमध्येच जमा होतात, म्हणून अशी ओळ दिसली की आधी चौकशी करा.

किती गेलं, ते एका काल्पनिक उदाहरणावरून बघा. 120 शेअर, भाव 250 रुपये, दर चार शेअरमागे एक नवा शेअर 150 रुपयांना. चार जुने आणि एक नवा मिळून 1,150 रुपये, म्हणून नवा भाव साधारण 230. तुमचे 30 हक्क, प्रत्येकाची किंमत 80 रुपये, एकूण 2,400. शेअरचा भाव 250 वरून 230 वर आल्याने 120 शेअरवर नेमके तेवढेच कमी झाले असतात. अर्ज केला किंवा हक्क विकले तर भरपाई होते, नाहीतर ते पैसे गेले. कंपनीत आणखी पैसे घालायचे नसतील तर हक्क विकून टाका, पण ही विक्री इश्यू बंद होण्याच्या काही दिवस आधीच थांबते. वहीत ‘विक्रीचा शेवटचा दिवस’ वेगळा लिहा. आणि बाजारातून हक्क विकत घेतले तर अर्जही करावाच लागतो, हे नवखे विसरतात.

बायबॅकची टेंडर ऑफर, म्हणजे कंपनीने ठरलेल्या भावाला भागधारकांकडून आपलेच शेअर परत घेण्याची ऑफर, पाचच कामाचे दिवस उघडी असते. तारीख न लिहिल्यास रविवार ते रविवारमध्ये ती निसटते. इथे न जाण्यात मात्र राइट्ससारखा थेट तोटा नाही. रेकॉर्ड डेटला, म्हणजे कोणाकडे किती शेअर आहेत हे कंपनी ज्या दिवशी धरते त्या दिवशी, होल्डिंग दोन लाख रुपयांपर्यंत असेल तर तुम्ही छोट्या भागधारकांच्या 15 टक्के राखीव वाट्यात येता आणि तिथे सहसा जास्त शेअर स्वीकारले जातात. तरी दहा देऊन तीनच घेतले, असंही होतं. उरलेले परत येतात. जाहिरातीतला वाढीव भाव सगळ्या शेअरवर धरून हिशेब करू नका. कराचा नियम ऑक्टोबर 2024 मध्ये बदलला होता, म्हणून जुन्या बायबॅकचं गणितही जसंच्या तसं वापरू नका. त्या वर्षी लागू असलेला नियम बघून मगच शेअर द्या.