काच बदललेला फोन आणि कॉलमध्ये काळी पडणारी स्क्रीन: द्राक्षाच्या एका हंगामानंतरचा अनुभव

गेल्या पावसाळ्यात फोनची वरची काच फुटली. आतला डिस्प्ले शाबूत होता, म्हणून नाशिकला एम.जी. रोडवरच्या एका दुकानात नुसती काच बदलून घेतली. तेव्हापासून ऑक्टोबर छाटणी ते माल उतरेपर्यंत हाच फोन रोज बागेत माझ्या खिशात होता. टच आणि रंग याबद्दल काही तक्रार नाही. त्रास झाला तो एकाच गोष्टीचा, प्रॉक्सिमिटी सेन्सरचा.

दिवाळीनंतर कॉल लावला की फोन कानाला लावायच्या आधीच स्क्रीन काळी व्हायला लागली. व्यापारी बोलतोय, पण स्पीकर लावता येत नाही. बँकेच्या कॉलवर "एक दाबा" म्हणतात तेव्हा दाबायला कीपॅडच दिसत नाही. समोरच्याने फोन ठेवला की मगच स्क्रीन उजळते.

हा सेन्सर फोन कानाजवळ आहे का ते ओळखतो: इअरपीसजवळ काचेखाली एक बारीक दिवा आणि एक प्रकाश टिपणारा डोळा असतो. दिवा डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाश सोडतो. तो गालावर आपटून परत आला की फोन समजतो, कानाला लावला. थोडा प्रकाश गालाविनाच, काचेच्या आतल्या बाजूवरून परततो. फोन तो कॅलिब्रेशनमध्ये नोंदवून ठेवतो आणि हिशेबातून वजा करतो. काचेवर किंवा काचेखाली धूळ बसली, काच मूळ जागेपेक्षा किंचित वर बसली, की हा आतल्या आत परतणारा प्रकाश वाढतो आणि फोनला कायम कोणीतरी जवळ असल्यासारखं वाटतं.

दुकानात पहिला उपाय झाला कॅलिब्रेशनचा. स्क्रीन लगेच ठीक झाली, आणि पंधरवड्यात पुन्हा काळी. कारण बागेत गंधकाची धुरळणी चालू होती आणि धूळ आत जातच होती. मळलेल्या काचेवर कॅलिब्रेशन करणं म्हणजे धुळीला शून्य मानणं. शिवाय नंतर काच साफ केली की उलटा त्रास होतो: वजावट जास्त राहते, सेन्सरला गाल ओळखूच येत नाही आणि बोलताना गालानेच म्यूट दाबलं जातं. म्हणून आधी सफाई, मग कॅलिब्रेशन, हा क्रम मी पक्का धरतो.

दोष कुठे आहे ते सेन्सरच्या चाचणीत कळतं. सॅमसंगमध्ये डायलरवर `*#0*#`, शाओमी-रेडमीमध्ये `*#*#6484#*#*` टाकलं की चाचणीचा मेनू उघडतो. काही फोन नुसतं जवळ की लांब एवढंच दाखवतात, काही कच्चा आकडा दाखवतात. माझ्या फोनवर वर काहीही नसताना आकडा ८०० च्या पुढे होता आणि बोट ठेवल्यावर १२०० च्या आसपास जायचा. म्हणजे सेन्सर जिवंत होता, फक्त सुरुवातच फार वरून होत होती. बोट ठेवून-काढून आकडा जरासुद्धा हलला नाही, तर सेन्सर किंवा त्याची पट्टी गेली असं समजा. तिथे सफाई आणि कॅलिब्रेशन दोन्ही वाया. आकडे मॉडेलप्रमाणे बदलतात, म्हणून माझ्या आकड्यांशी न ताडता आपल्याच फोनचा फरक पाहा.

आधी टेम्पर्ड काढून पाहिली. आकडा थोडा उतरला, पण पुरेसा नाही. मग दुसऱ्या कारागिराकडून काच वरच्या बाजूने उचलून घेतली. इअरपीसच्या जाळीमागे पिवळसर धूळ जमली होती, आणि सेन्सरभोवती बसणारं बारीक काळं रबर गायब होतं! दिव्याचा प्रकाश थेट डोळ्याकडे जाऊ नये म्हणून ते असतं. पहिल्या दुकानात काच बदलताना ते परत बसवलंच नव्हतं. आयसोप्रोपाइल अल्कोहोल लावलेल्या कापसाच्या काडीने काचेतली सेन्सरसमोरची खिडकी पुसल्यावर आकडा ३०० पर्यंत आला, रबर बसवल्यावर शंभराच्या आत. मग सावलीत, फोनवर काही न ठेवता कॅलिब्रेशन केलं. उन्हातही इन्फ्रारेड असतं, म्हणून ते उघड्यावर करू नये.

त्यानंतर सगळा माल उतरला, स्क्रीन एकदाही अडली नाही. धुरळणीच्या दिवशी फोन झिपच्या पिशवीत ठेवतो, आणि टेम्पर्ड सेन्सरपाशी कापलेली घेतली आहे. काळ्या काठाची टेम्पर्ड सेन्सरवर आली तर तीच अडथळा ठरते.

काच बदलणार असाल तर दुकानात दोन गोष्टी विचारा: सेन्सरचं रबर परत बसवणार का, आणि नव्या काचेची सेन्सरची खिडकी मूळ काचेसारखी आहे का. तिथली शाई काळी दिसते, पण तिच्यातून इन्फ्रारेड पार जायला हवं. स्वस्त काचेत ते नीट जात नाही आणि चिकटवताना गोंद खिडकीवर आला तरी हाच दोष येतो. अशा काचेला कॅलिब्रेशन पुरत नाही, काचच बदलावी लागते. तोवर सेटिंगमधल्या अॅक्सेसिबिलिटीत `Power button ends call` चालू ठेवा, म्हणजे स्क्रीन काळी असली तरी कॉल बटणाने कट होतो.