खारफुटीच्या रोपांचं पोस्टर: आठ महिने आणि तीन परिषदांनंतरचा अनुभव

किनाऱ्याच्या उतारावर भरतीच्या तीन पातळ्यांवर लावलेल्या खारफुटीच्या रोपांपैकी किती जगली, हे सांगणारं आमचं पोस्टर आहे. पहिल्या परिषदेत त्याच्या मधोमध रोपांच्या जगण्याच्या दराचा आलेख होता. महिने आडवे, टक्के उभे, तीन रंगांच्या तीन रेषा. विद्यार्थी यायचे, रेषांवरून नजर फिरवायचे आणि विचारायचे, "म्हणजे नक्की काय झालं?" उत्तर देताना मी प्रत्येक वेळी वहीत किनाऱ्याचा उतार काढून दाखवत होते. तेव्हा ठरवलं, तो उतारच पोस्टरवर हवा.

आता ए-झिरो कागदाचा मधला अर्धा भाग त्या उताराच्या छेदचित्राला दिला आहे. त्यावर भरतीच्या पातळीनुसार तीन पट्टे आणि प्रत्येक पट्ट्यात 40 ठिपके, म्हणजे लावलेली 40 रोपं. जिवंत रोप भरीव ठिपका, मेलेलं रोप पोकळ. लाल-हिरवा रंग मुद्दाम टाळला, कारण ती जोडी काहींना वेगळी दिसतच नाही. वर मोठ्या अक्षरांत विषयाऐवजी निष्कर्षच लिहिला: "समुद्राकडे फार पुढे लावलेली रोपं टिकली नाहीत". हे तीन मीटरवरून वाचता येतं. पुढचा पट्टा रोज जास्त वेळ पाण्याखाली राहतो, लाटा कोवळी रोपं उपटतात, खोडावर बार्नेकल हे चिकटून राहणारे कवचधारी जीव चढतात. ही कारणं त्या पट्ट्याशेजारीच दोन ओळींत आहेत, वेगळ्या चौकटीत नाहीत.

दुसऱ्या परिषदेत दोन चुका कळल्या. पोकळ ठिपका म्हणजे "इथे रोप लावलंच नाही" असं काहींना वाटलं. म्हणून आता सूची कोपऱ्यात न ठेवता एका पोकळ ठिपक्यालाच बाण लावून "मेलेलं रोप" असं लिहिलं आहे. "खालचा पट्टा" म्हटलं की मुलं चित्राच्या तळाकडे बघायची, त्यामुळे तिथे "समुद्राकडचा पट्टा" केलं.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो न सापडलेल्या रोपांवर. समुद्राकडच्या 40 पैकी 8 जिवंत होती, 19 मेलेली दिसली आणि 13 जागेवर नव्हतीच. ही 13 मोजणीतून वगळली तर 27 पैकी 8, म्हणजे जवळपास 30 टक्के जगली असं दिसतं. धरली तर 20 टक्के. इथली रोपं बहुधा वाहूनच जातात, म्हणून वगळणं चुकीचं वाटलं. त्यांना फुलीची खूण दिली. मुलांचा पहिला प्रश्न आता त्या फुल्यांबद्दलच असतो, आणि तो बरोबर प्रश्न आहे.

एक उणीव राहते. रोपं कधी मेली हे ठिपक्यांत दिसत नाही. आमच्याकडे बहुतेक मरतूक पहिल्या काही महिन्यांतली होती आणि ते सांगायला रेषाच लागते. तो जुना आलेख मी काढला नाही, लहान करून उजवीकडे खाली ठेवला आहे. ठिपके पाहून झाले की मुलं आपणहून तिकडे वळतात.